नव्या नाटकाची कॅप्शन: प्रयोग, तिकीट आणि येण्याचे कारण

नव्या नाटकाच्या पोस्टरबरोबर जो छोटा मजकूर रसिकांपर्यंत जातो, त्याला नाट्यसंस्थांमध्ये आता सर्रास कॅप्शन म्हणतात. या मजकुरात तीन प्रश्नांची उत्तरे मिळायला हवीत. प्रयोग कधी व कुठे आहे, तिकीट कसे काढायचे, आणि शनिवार-रविवारी गावात पाच-सहा नाटके लागलेली असताना नेमके हेच का पाहायचे. पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे नाट्यगृह आणि तिकीट खिडकी ठरवते. संस्थेने ती बिनचूक उतरवून द्यायची असतात. तिसरे उत्तर संस्थेला स्वतः शोधावे लागते, आणि बहुतेक कॅप्शन तिथेच फसतात.

या मजकुराचा साचा वर्तमानपत्रांतल्या नाटकांच्या जाहिरातींनी घडवला. मुंबई-पुण्याच्या मराठी दैनिकांत नाटकांच्या जाहिरातींची जागा ठरलेली असे आणि नियमित नाटक पाहणारी घरे सकाळी चहाबरोबर तीच आधी उघडत. जाहिरातीचा दर स्तंभ आणि सेंटिमीटरवर असल्यामुळे निर्मात्याला प्रत्येक ओळीचे पैसे मोजावे लागत. म्हणून वरती संस्थेचे नाव, मध्ये ठसठशीत अक्षरांत नाटकाचे नाव, त्याखाली लेखक, दिग्दर्शक, नेपथ्य, प्रकाश, संगीत आणि कलाकार, आणि सर्वांत खाली प्रयोगाचा वार, वेळ व नाट्यगृह अशी मांडणी पक्की झाली. सकाळी स., दुपारी दु., सायंकाळी सायं. ही संक्षिप्त रूपेही जागेच्या काटकसरीतूनच आली. जुना रसिक ही जाहिरात खालून वर वाचतो. आधी आपल्या सोयीचे नाट्यगृह आणि वेळ, ती जुळली तर नाटकाचे नाव, आणि मग नटमंडळी.

मोबाइलवरच्या कॅप्शनला जागेचे पैसे पडत नाहीत. इन्स्टाग्रामवर तब्बल २२०० अक्षरांची मुभा आहे. त्यामुळे मजकूर ऐसपैस होतो; निर्मात्यांचे मनोगत, सगळ्यांचे आभार, तालमींच्या आठवणी असे सगळे त्यात येते आणि वेळ-तारीख कुठेतरी तळाशी जाते. पण वाचणाऱ्याला सुरुवातीला जेमतेम पहिल्या दोन ओळी दिसतात, बाकीचा मजकूर बोट लावल्यावरच उलगडतो. देवनागरीत ही मर्यादा आणखी लवकर येते, कारण काना, मात्रा, वेलांटी आणि हलन्त ही चिन्हे संगणक स्वतंत्र मोजतो. ‘नाट्यगृह’ या चार अक्षरी शब्दाची मोजणी आठ भरते. म्हणून वर्तमानपत्रातला क्रम इथे जसाच्या तसा चालत नाही. पहिल्या दोन ओळींत येण्याचे कारण, लगेच खाली वार-तारीख-वेळ-नाट्यगृह, मग तिकिटे, आणि सर्वांत शेवटी श्रेयनामावली, असा क्रम लावला तर अर्धवट वाचणाऱ्यालाही कामाचे तेवढे मिळते.

आता वेळेविषयी. महाराष्ट्रातल्या बहुतेक नाट्यगृहांत दिवसाचे तीन प्रयोग बसतील अशी सत्रे पाडलेली असतात. पुण्यात बालगंधर्व रंगमंदिर किंवा कोथरूडचे यशवंतराव चव्हाण नाट्यगृह म्हटले की दुपारी १२.३०, सायंकाळी ५.३० आणि रात्री ९.३० या वेळा नाटकवाल्यांच्या तोंडी असतात. मुंबईत दादरचे शिवाजी मंदिर, विलेपार्ल्याचे दीनानाथ किंवा ठाण्याचे गडकरी रंगायतन इथे सकाळचा, दुपारी चारच्या आसपासचा आणि रात्री आठ-साडेआठचा असे प्रयोग होतात. हा फरक ज्याला ठाऊक नाही, अशी पुण्याची संस्था मुंबईत पहिला प्रयोग लावते तेव्हा सवयीने जुनीच वेळ लिहिली जाण्याचा धोका असतो.

सर्वांत महाग पडणारी चूक म्हणजे नुसते ‘१२.३०’ लिहिणे. सकाळ, दुपार, रात्र यांपैकी एक शब्द प्रत्येक वेळेआधी हवाच. दुसरी चूक वार आणि तारीख न जुळण्याची. मागच्या प्रयोगाचा मजकूर उचलून त्यात तारीख बदलली जाते आणि वार तसाच राहतो. मग अर्धे लोक वार खरा धरतात, अर्धे तारीख. छापण्याआधी कॅलेंडर समोर ठेवून एका माणसाने मोठ्याने वाचायचे आणि दुसऱ्याने बोट ठेवून ताडायचे, एवढी साधी पद्धत या चुकीला पुरते. तिसरी चूक नव्या माध्यमाने आणली आहे. कॅप्शनमध्ये ‘उद्या’ किंवा ‘येत्या रविवारी’ लिहिलेले असते. हा मजकूर सोसायटीच्या, नातेवाइकांच्या, माजी विद्यार्थ्यांच्या गटांतून फिरत राहतो आणि चार दिवसांनी, कधी प्रयोग होऊन गेल्यावरही, कुणाच्या तरी हाती पडतो. वर्तमानपत्रावर त्या दिवसाची तारीख छापलेली असल्यामुळे तिथे ‘आज’ हा शब्द चालत असे. पुढे ढकलल्या जाणाऱ्या मजकुराला अशी तारीख नसते, म्हणून वार, दिनांक आणि महिना पूर्ण लिहावा लागतो.

सुरू होण्याच्या वेळेइतकीच संपण्याची वेळ महत्त्वाची असते, आणि ती सांगणाऱ्या संस्था फार थोड्या. दोन अंकी नाटक मध्यंतर धरून साधारण अडीच तासांचे होते. रात्री साडेआठला दादरला सुरू झालेले नाटक अकराच्या सुमारास सुटते, हे कल्याण-डोंबिवलीहून येणाऱ्याला आधी कळले तर तो परतीच्या गाडीचा हिशेब करून तिकीट काढतो. कळले नाही तर दुपारचा प्रयोग लागेपर्यंत थांबतो, आणि तोवर नवे काही आलेले असते. नाटक सलग नव्वद मिनिटांचे आणि मध्यंतराविना असेल तर ते सांगणे आणखी आवश्यक. वयस्कर प्रेक्षकाला त्यावरून कडेची खुर्ची मागता येते.

तिकिटांच्या मजकुरात ‘प्लॅन’ हा नाट्यगृहाचा जुना शब्द मध्यवर्ती आहे. खिडकीवर सर्व खुर्च्यांचा नकाशा असतो, विकली गेलेली खुर्ची त्यावर खोडली जाते, आणि ज्या दिवसापासून ही विक्री सुरू होते त्या दिवशी प्लॅन उघडला असे म्हणतात. प्लॅन किती दिवस आधी उघडायचा, खिडकी कोणत्या वेळेत चालू ठेवायची, हे त्या-त्या नाट्यगृहाचे ठरलेले असते. खिडकी दिवसभर उघडी नसते. सकाळी काही तास आणि संध्याकाळी काही तास अशी तिची रीत आहे. म्हणून ‘तिकिटे नाट्यगृहावर उपलब्ध’ एवढ्यावर भागत नाही. भर दुपारी उन्हातून गेलेला माणूस बंद खिडकी पाहून परततो, आणि दुसऱ्यांदा तो येत नाही. कोणत्या तारखेपासून, सकाळी किती ते किती आणि संध्याकाळी किती ते किती, हे चार आकडे लिहिलेच पाहिजेत.

ऑनलाइन विक्रीसाठी बुकमायशो बरीच वर्षे आहे आणि अलीकडे खास मराठी नाटकांसाठी तिकिटालय हे ॲपही आले. इथे कॅप्शन लिहिणाऱ्याला माध्यमाचे काही बारकावे माहीत असावे लागतात. इन्स्टाग्रामच्या कॅप्शनमध्ये टाकलेली लिंक बोट लावून उघडत नाही. ती प्रोफाइलवर ठेवून मजकुरात तसे सांगावे लागते. व्हॉट्सॲपवर मात्र तीच लिंक थेट उघडते, म्हणून दोन्हीकडे एकच मजकूर चिकटवणे चुकीचे. पोस्टरवर क्यूआर कोड छापण्याची प्रथा आता रुळली आहे आणि नाट्यगृहाच्या आवारातल्या फलकावर तो उपयोगी पडतोही. पण तेच पोस्टर मोबाइलवर पाहणाऱ्याच्या हातातच तो मोबाइल असतो. तो कोड दुसऱ्या कशाने टिपणार? फोनवरचे पोस्टर जिथे जिथे जाते तिथे कोडच्या जोडीला लिहिलेली लिंक किंवा क्रमांक लागतो.

काही प्रयोगांना ठरावीक खुर्च्या ऑनलाइन आणि ठरावीक खिडकीवर अशी वाटणी केलेली असते. तिथे ऑनलाइन हिस्सा संपला की ॲपवर जागा नाहीत असे दिसते आणि पुढे तीच बातमी ‘नाटक हाऊसफुल्ल’ अशी पसरते. खिडकीवर मात्र शंभर-दीडशे खुर्च्या शिल्लक असतात. वाटणी असेल तर कॅप्शनच्या दुसऱ्या फेरीत ‘ऑनलाइन तिकिटे संपली, खिडकीवर मिळतील’ ही ओळ त्याच दिवशी जायला हवी.

तिकिटाचे दर लपवण्याची सवय हौशी आणि प्रायोगिक संस्थांमध्ये अजून दिसते. ‘तिकिटांसाठी संपर्क’ असे लिहून खाली मोबाइल क्रमांक दिला जातो. चौघांच्या कुटुंबाला तीनशेच्या आणि पाचशेच्या तिकिटांत आठशे रुपयांचा फरक पडतो; तो विचारायला अनोळखी माणसाला फोन करणे बहुतेकांना अवघड वाटते, आणि बेत तिथेच मोडतो. दर लिहावेत, रांगांनुसार वेगळे असतील तर तेही लिहावेत. व्यावसायिक नाटकांची तिकिटे सहसा पाचशेच्या पुढे जात नाहीत त्यामागे करव्यवस्थेचाही हात आहे. पाचशे रुपयांपर्यंतच्या नाटकाच्या तिकिटाला वस्तू व सेवा करातून सूट आहे. फोनवर आरक्षण घ्यायचे असेल तर क्रमांक संस्थेचा वेगळा असावा आणि फोन कोणत्या वेळेत उचलला जाईल हेही सांगावे. दिग्दर्शकाचा खाजगी क्रमांक टाकला की रंगीत तालमीच्या ऐन संध्याकाळी तो वाजत राहतो.

येण्याचे कारण हा खरा लेखनाचा भाग. इथे विशेषणे मदत करत नाहीत. ‘हसवता हसवता डोळ्यांत पाणी आणणारे’, ‘अंतर्मुख करणारे’, ‘आगळेवेगळे’, ‘सहकुटुंब पाहावे असे’ ही वाक्ये इतक्या नाटकांना लावली गेली आहेत की त्यांनी कोणत्याच नाटकाची ओळख होत नाही. कारण खरे आहे की नाही हे पाहण्याची कसोटी सोपी आहे. वाक्यातले नाटकाचे नाव काढून तिथे त्याच आठवड्यात चालू असलेल्या दुसऱ्या नाटकाचे नाव घालावे. वाक्य तरीही शोभत असेल तर ते कारण नव्हे.

मराठी रंगभूमीच्या इतिहासात या कसोटीला उतरणारी कारणे भरपूर सापडतात. ८ जुलै १९२१ रोजी मुंबईत झालेला ‘संयुक्त मानापमान’चा प्रयोग त्यांतला सर्वांत मोठा. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचे ‘संगीत मानापमान’ तेव्हा नवे नव्हते. ते १९११ पासून रंगभूमीवर होते आणि पदे लोकांना पाठ होती. पण त्या रात्री भामिनीच्या भूमिकेत बालगंधर्व आणि धैर्यधराच्या भूमिकेत केशवराव भोसले होते. दोघे दोन वेगळ्या नाटक मंडळ्यांचे प्रमुख गायक नट, दोघांचे चाहते एकमेकांशी भांडणारे, आणि ते एका रंगमंचावर एकत्र, टिळक स्वराज्य फंडाच्या मदतीसाठी. या एका वाक्यात पुढची कोणतीही भर नको होती. तिकिटांचे दर नेहमीपेक्षा कितीतरी चढे ठेवूनही प्रेक्षागृह भरले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये केशवराव गेले, त्यामुळे त्या प्रयोगाला आलेल्यांना जे मिळाले ते नंतर कुणालाच मिळणार नव्हते.

कारण नटात असते तसे रचनेतही असते. लक्ष्मण देशपांडे यांच्या ‘वऱ्हाड निघालंय लंडनला’ची ओळख एका ओळीत होते, एकच नट बावन्न पात्रे उभी करतो. देवेंद्र पेम यांच्या ‘ऑल द बेस्ट’ची ओळखही तशीच. तीन मित्र, एकाला दिसत नाही, एकाला ऐकू येत नाही, एकाला बोलता येत नाही, आणि तिघांचे मन एकाच मुलीवर बसते. यात विनोदी हा शब्द कुठेही नाही, तरी वाचणारा आधीच हसू लागतो. आचार्य अत्र्यांचे ‘तो मी नव्हेच’ १९६२ मध्ये आले तेव्हा प्रभाकर पणशीकरांच्या पाच भूमिका आणि फिरता रंगमंच ही दोन्ही कारणे होती. पाचही रूपे एकाच लखोबा लोखंडेची असल्यामुळे आणि फिरत्या मंचावर न्यायालयातून दुसऱ्या गावात क्षणात जाता येत असल्यामुळे ती एकमेकांना धरून होती. अशी दोन कारणे एका वाक्यात बसतात. एकमेकांशी संबंध नसलेली दोन कारणे मात्र कॅप्शनला जड करतात.

नवे नाटक असेल तर हे कारण लेखक-दिग्दर्शकांना दिसतेच असे नाही, कारण त्यांना संहितेचा प्रत्येक धागा सारखाच प्रिय असतो. रंगीत तालमीला बाहेरची आठ-दहा माणसे बोलावण्याची पद्धत अनेक संस्थांत आहे. त्यांना ‘कसे वाटले’ असे विचारले तर ‘छान’ एवढेच उत्तर येते. ‘घरी गेल्यावर या नाटकाबद्दल पहिली गोष्ट कोणती सांगाल’ असे विचारले तर उपयोगाचे उत्तर येते, आणि दहांपैकी पाच-सहा जण एकच गोष्ट सांगत असतील तर तेच कारण असते. फक्त ती गोष्ट नाटकाच्या शेवटाकडची निघाली, तर मोह आवरावा लागतो. रहस्याची उकल पहिल्या ओळीत वाचून आलेल्या प्रेक्षकाला दुसऱ्या अंकात काही उरत नाही.

एक उदाहरण तपशिलात पाहता येईल. समजा, पुण्यातल्या एका हौशी संस्थेने ‘कोरम’ नावाचे नवे नाटक बसवले आहे. नाटक काल्पनिक आहे, पण अडचणी नेहमीच्या आहेत. चोवीस सभासदांच्या जुन्या इमारतीत पुनर्विकासाची सभा भरते. सभा ग्राह्य धरण्यासाठी दोन तृतीयांश, म्हणजे सोळा सभासद हजर हवेत. पंधरा आले आहेत. सोळाव्या आजी समोरच्याच खोलीत आहेत आणि दार उघडत नाहीत. नाटक नव्वद मिनिटांचे, मध्यंतर नाही. रंगमंचावर पाच पात्रे दिसतात, बाकीचे सभासद म्हणून नट समोरच्या प्रेक्षकांशीच बोलतात. भिंतीवर खरे चालणारे घड्याळ आहे. पाचांपैकी एक अभिनेत्री दूरचित्रवाणी मालिकेमुळे लोकांना माहीत आहे.

संस्थेचा पहिला मसुदा असा होता:

‘रसिकहो, प्रतीक्षा संपली! घेऊन येत आहोत आजच्या ज्वलंत विषयावर भाष्य करणारं, हसवता हसवता अंतर्मुख करणारं एक आगळंवेगळं नाटक ‘कोरम’! येत्या शनिवारी ९.३० वाजता बालगंधर्वला. नक्की या, सहकुटुंब या! तिकिटांसाठी संपर्क साधा.’

पहिल्या दोन ओळी विशेषणांत संपल्या, म्हणून मोबाइलवर नाटकाचे नावही न दिसण्याची शक्यता. ‘येत्या शनिवारी’ला तारीख नाही, ९.३० ला सकाळ-रात्र नाही. लांबी, दर, खिडकीची वेळ, काहीच नाही.

या नाटकाकडे कारणे मात्र चार आहेत. विषय, मालिकेतली अभिनेत्री, प्रेक्षकांना सभासद करणे आणि घड्याळ. विषय ओळखीचा आहे, पण पुनर्विकासावर बेतलेली नाटके पुढेही येतील. अभिनेत्रीच्या नावाने काही लोक येतील, पण तिची भूमिका दहा मिनिटांची असेल तर ते निराश होऊन जातील आणि तसे सांगतील. प्रेक्षकांना सभासद करण्याची गंमत आधी सांगितली तर नाट्यगृहात ती अर्धी होते. उरते घड्याळ. ते रात्रीच्या साडेनवाला सुरू होणाऱ्या सभेचे आहे, आणि बालगंधर्वचा रात्रीचा प्रयोगही साडेनवालाच असतो. म्हणजे या एका प्रयोगाला रंगमंचावरची आणि प्रेक्षागृहातली वेळ एकच असेल. हे कारण याच नाटकाचे आणि याच प्रयोगाचे आहे. दुरुस्त केलेला मसुदा मग असा होतो:

‘सभेला सोळा जण हवेत. पंधरा आलेत. सोळाव्या आजी दार उघडत नाहीत.
‘कोरम’, नवं मराठी नाटक. सभा रात्री साडेनऊला सुरू होते आणि नाटकही. रंगमंचावरचं घड्याळ आणि तुमच्या मनगटावरचं घड्याळ शेवटपर्यंत एकच वेळ दाखवतील.
शुभारंभाचा प्रयोग: शनिवार, १४ नोव्हेंबर, रात्री ९.३० वा., बालगंधर्व रंगमंदिर, पुणे.
दीड तास, मध्यंतर नाही. नाटक ११ वाजता संपेल. तिसऱ्या घंटेनंतर प्रवेश नाही.
तिकिटे ५००, ४०० आणि ३०० रुपये. खिडकीवर गुरुवार, १२ नोव्हेंबरपासून सकाळी ९ ते ११.३० आणि सायंकाळी ५ ते ८. ऑनलाइन विक्री सुरू झाली आहे, लिंक आमच्या प्रोफाइलवर.’

याखाली लेखक, दिग्दर्शक, तंत्रज्ञ आणि कलाकार यांची नावे येतील. कथा दुसऱ्या कुणाची असेल तर मूळ लेखकाचे नावही इथेच, त्याच आकारात. अभिनेत्रीचे नाव इतर चौघांबरोबर येते; ज्याला ते पाहून यायचे तो येईल.

मजकुरात दिलेला शब्द पुढे संस्थेला बांधून घालतो, हे या उदाहरणात नीट दिसते. घड्याळाची ओळ लिहिली की पडदा बरोबर साडेनऊला उघडावा लागतो. स्वागत, दीपप्रज्वलन आणि सत्कार यांत वीस मिनिटे गेली तर पहिल्या ओळीनेच फसवल्यासारखे होते. तो कार्यक्रम करायचाच असेल तर नाटक संपल्यावर ठेवावा. आणि दुसरा प्रयोग रविवारी दुपारी साडेबाराला मिळाला, तर ही ओळ तिथे चालणार नाही. तेव्हा मनगटावरच्या घड्याळाचा भाग काढून ‘सभा नव्वद मिनिटांची, नाटकही नव्वद मिनिटांचं’ एवढेच म्हणता येईल.

कलाकारांविषयी असाच प्रामाणिकपणा लागतो. मोठ्या भूमिका अनेकदा एकाहून अधिक नट करतात. ‘नटसम्राट’मधला गणपतराव बेलवलकर १९७० मध्ये डॉ. श्रीराम लागू यांनी प्रथम उभा केला, पुढे दत्ताराम, सतीश दुभाषी, यशवंत दत्त यांनीही तो केला, आणि त्या प्रत्येकाला पाहायला जाणारा प्रेक्षक वेगळा होता. आजही आलटून पालटून काम करणारे दोन नट असतील तर या प्रयोगात कोण आहे हे प्रत्येक कॅप्शनमध्ये स्पष्ट लिहावे. पोस्टरवर एकाचा चेहरा आणि रंगमंचावर दुसरा, यावरून खिडकीशी वाद झालेले नाट्यगृहांच्या व्यवस्थापकांनी पुष्कळदा पाहिले आहेत. परीक्षणातली वाक्ये वापरतानाही हीच काळजी हवी. ‘पहिला अंक रंगतो, दुसरा रेंगाळतो’ या वाक्यातले पहिले तीन शब्द उचलणे हे परीक्षकाच्या नावाने खोटे बोलणे आहे.

नाटक चालू लागले की कॅप्शनमधले कारण बदलते. शुभारंभाला नवेपणा पुरतो. दहा-पंधरा प्रयोगांनंतर पाहून गेलेल्या प्रेक्षकांच्या तोंडची एखादी अचूक गोष्ट अधिक कामाची ठरते. पन्नासावा, शंभरावा हे आकडे नाट्यव्यवसायात अभिमानाने मिरवले जातात, आणि त्यांचा उपयोग होतोही, कारण इतके लोक पाहून गेले म्हणजे काहीतरी असेल असे वाचणाऱ्याला वाटते. ‘शेवटचे काही प्रयोग’ ही ओळ मात्र खरोखर नाटक थांबणार असेल तेव्हाच वापरावी. ती दोन वर्षे चालवली की पुढच्या नाटकाच्या वेळी कुणी विश्वास ठेवत नाही.

दौऱ्यावर मजकूर गावानुसार बदलावा लागतो. कोल्हापूर, रत्नागिरी किंवा पणजीच्या प्रेक्षकाला पुण्यातल्या शंभराव्या प्रयोगाचे फारसे अप्रूप नसते. आपल्या गावात हा एकच प्रयोग आहे आणि त्यानंतर नाटक पुढे जाणार आहे, हे त्याच्यासाठी मोठे कारण असते. तिथे तिकिटे कुठे मिळतील तर अनेकदा एखाद्या पुस्तकांच्या किंवा मिठाईच्या दुकानात, म्हणून दुकानाचे नाव आणि चौक लिहावा लागतो. अमेरिकेतल्या महाराष्ट्र मंडळांसाठी प्रयोग असेल तर महिना आकड्यात न लिहिता नावाने लिहावा. तिथे महिना आधी आणि दिनांक नंतर लिहितात, त्यामुळे ५/११ हे कुणाला ११ मे वाटेल तर कुणाला ५ नोव्हेंबर.

प्रयोग रद्द होतो किंवा पुढे जातो तेव्हाचा मजकूर सर्वांत घाईत लिहिला जातो. कलाकार आजारी पडतो, पालिकेचे नाट्यगृह निवडणुकीच्या कामासाठी घेतले जाते, मुंबईत पावसाने गाड्या बंद पडतात. अशा वेळी ‘अपरिहार्य कारणास्तव’ लिहिण्यापेक्षा कारण सरळ सांगितलेले बरे. त्याहून महत्त्वाचे म्हणजे तीच तिकिटे नव्या तारखेला चालतील का, पैसे परत हवे असतील तर कुठे आणि कोणत्या दिवसापर्यंत मिळतील, ऑनलाइन काढलेल्यांचे पैसे आपोआप परत जातील का, हे त्याच मजकुरात आले पाहिजे. जुने पोस्टर गटांमधून फिरतच राहते, ते परत घेता येत नाही. म्हणून बदलाची सूचना वेगळ्या रंगाच्या नव्या पोस्टरवर, जुनी तारीख खोडून नवी लिहून पाठवतात, आणि संस्थेच्या स्वतःच्या पानावरची मूळ कॅप्शन त्याच तासाला दुरुस्त करतात. त्या संध्याकाळी नाट्यगृहाच्या दारात संस्थेचा एक माणूस उभा ठेवावा लागतो, कारण मोबाइल न पाहणारे काही प्रेक्षक जुन्या वेळेला हटकून येतातच.